लग्नाचा व्हिडिओ पांढुरका, वेबसिरीज काळोखी: एकाच टीव्हीवरच्या दोन तक्रारी

इंदूरच्या रामबागेतलं एक घर. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही, खोक्यावर एचडीआरचा, म्हणजे काळोखापासून चकाकीपर्यंत मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रप्रकाराचा, ठळक शिक्का. तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट. काकांच्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलने लावला की चित्रावर दुधाची साय धरल्यासारखी दिसायची: हिरवा शालू खाकी, कुंकू विटकरी, मांडवातल्या दिव्यांच्या माळा निस्तेज. उलट टीव्हीतल्याच ॲपवर एखादी नवी वेबसिरीज लावली की निम्मे प्रसंग अंधारात. काकू म्हणायच्या, "आवाज येतो म्हणून कळतं की कुणीतरी खोलीत आहे."

सर्व्हिसचा मुलगा येऊन गेला होता. दोन मिनिटं बघून "भिया, पैनल में ही दिक्कत है" म्हणाला आणि पॅनल बदलायचा खर्च सांगून गेला. तो आकडा टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या वर होता, म्हणून काकांनी मला बोलावलं. टीव्ही, प्रोजेक्टर, साउंडबार घरी जाऊन जुळवून देणं हे माझं कामच आहे.

पॅनल बिघडलं असेल तर ते सगळीकडे बिघडलेलं दिसतं. केबलवरच्या बातम्या, यूट्यूबवरची साधी गाणी, क्रिकेट हे सगळं या टीव्हीवर उत्तम दिसत होतं. गडबड फक्त एचडीआर चित्राची होती, म्हणजे संशय सेटिंगवर. आणि एचडीआरच्या कुठल्याही तक्रारीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टीव्हीला कळलंय का, की आपल्याकडे एचडीआर येतंय? बहुतेक टीव्ही एचडीआर सिग्नल सुरू झाला की कोपऱ्यात काही सेकंद खूण दाखवतात. हुकली तर रिमोटवरचं माहितीचं बटण दाबायचं किंवा पिक्चर मोडच्या यादीत नावांपुढे HDR लागलंय का ते बघायचं. इथे वेबसिरीज लावली की खूण यायची, लॅपटॉपवरून लग्न लावलं की यायची नाही. दोन तक्रारींची मुळं वेगळी आहेत, हे तिथेच स्पष्ट झालं.

आधी लग्न घेतलं. फाइल खरंच एचडीआर आहे का, हे लॅपटॉपवरच एफएफएमपेगबरोबर येणाऱ्या `ffprobe` या कमांडने तपासता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_space,color_transfer,color_primaries lagna_4k.mp4
```

उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
pix_fmt=yuv420p10le
color_space=bt2020nc
color_transfer=smpte2084
color_primaries=bt2020
```

`smpte2084` म्हणजे पीक्यू: सिग्नलचा कुठला आकडा म्हणजे किती उजेड हे ठरवणारी, एचडीआर-१० हा एचडीआरचा नेहमीचा प्रकार ज्यावर चालतो ती वक्ररेषा. `bt2020` म्हणजे रंगांची मोठी चौकट. व्हिडिओवाल्याने हौसेने खरंखुरं एचडीआर करून दिलं होतं. तिथे `arib-std-b67` दिसलं असतं तर ते एचएलजी. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने टीव्ही प्रसारणासाठी काढलेला हा प्रकार साध्या टीव्हीवरही बऱ्यापैकी निभावतो. पीक्यू तसं निभावत नाही, आणि ते का, हे याच लग्नातल्या एका फ्रेममध्ये दाखवता येतं.

पीक्यूमध्ये प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेला असतो: अमुक आकडा म्हणजे पडद्यावर अमुक निट प्रकाश. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. या फ्रेममध्ये नवरीचा चेहरा साधारण ४० निटचा, मागच्या दिव्यांची माळ १००० निटची आणि हॉलचा अंधारा कोपरा १ निटचा आहे असं धरा. पीक्यूत हे तिन्ही सिग्नलच्या अनुक्रमे ४२, ७५ आणि १५ टक्क्यांवर बसतात. खूण नसलेल्या टीव्हीला हे टक्के पीक्यूचे आहेत हे माहीतच नाही. तो त्यांना साध्या चित्राच्या नेहमीच्या वक्ररेषेने, म्हणजे गॅमा २.२ ने वाचतो. काकांचा टीव्ही जेमतेम ३०० निटचा धरला, तर चेहरा ४४ निटच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण माळ १००० वरून १६० वर घसरते आणि अंधारा कोपरा १ वरून साडेचारवर चढतो. मूळ चित्रात माळ आणि कोपरा यांत हजारपटीचा फरक होता, तो पस्तीसपटीवर आला. उजळ ते मंद, काळं ते करडं, मधलं जिथल्या तिथे. लोक "पांढुरकं दिसतं" म्हणतात ते हेच. रंगांचंही तेच होतं: मोठ्या चौकटीतले आकडे टीव्हीने लहान चौकटीत वाचले की प्रत्येक रंग फिका पडतो, म्हणून शालू खाकी.

पांढुरकेपणाचं आणखी एक कारण असतं आणि त्याची गल्लत फार होते. व्हिडिओ सिग्नलमध्ये काळा रंग ० वर ठेवायचा की १६ वर, यावर लॅपटॉप आणि टीव्हीचं एकमत नसेल तरी चित्र पांढुरकं किंवा उलट काळवंडलेलं दिसतं. लॅपटॉप १६ ते २३५ पाठवतोय आणि टीव्ही ० ते २५५ समजतोय, तर १६ चा काळा करडा दिसणार. या दोन कारणांत फरक करायला उपकरण लागत नाही. चित्राच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या असतात, त्या बघायच्या. पीक्यूत शून्य म्हणजे शून्यच, आणि गॅमातही शून्य म्हणजे शून्य. त्यामुळे चूक वक्ररेषेची असेल तर चित्र पांढुरकं आणि पट्ट्या मात्र काळ्या राहतात. चूक ० आणि १६ ची असेल तर पट्ट्याही करड्या होतात. लग्नाच्या व्हिडिओला सिनेमासारख्या पट्ट्या होत्याच, हल्ली सगळे व्हिडिओवाले त्या लावतात. खोलीतला दिवा बंद करून पाहिलं: पट्ट्या काळ्या होत्या. म्हणजे वक्ररेषेचीच चूक. (स्वस्त पॅनलवर अंधारात काळा रंग तसाही थोडा करडाच दिसतो, म्हणून टीव्हीच्या स्वतःच्या ॲपमधल्या सिनेमाच्या पट्ट्यांशी ताडून बघावं.)

मग तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून थेट टीव्हीच्या यूएसबीला लावली. पेनड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तो आधी exFAT करून घ्यावा लागतो, आणि टीव्हीला exFAT वाचता यायला हवं. या टीव्हीला येत होतं. खूण आली, शालू हिरवा झाला, माळा चमकल्या. काका लगेच म्हणाले, "म्हणजे पॅनल ठीक आहे." अगदी बरोबर. चित्र किंचित गडद होतं, पण ते दुसऱ्या तक्रारीचं प्रकरण.

आता फाइल चांगली, टीव्ही चांगला, तर दोष मधल्या वाटेवर. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि माउस हलवला, तर बाण अडखळत चालत होता. विंडोजच्या `Advanced display` मध्ये फोर-केला जास्तीत जास्त ३० हर्ट्झ दिसत होते आणि `HDR` च्या पानावर `Use HDR` चं बटण चालूच होत नव्हतं. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मी टीव्हीच्या एचडीएमआय सेटिंगकडे वळतो. बरेच टीव्ही कारखान्यातून येताना प्रत्येक पोर्ट जुन्या, सुरक्षित पातळीवर ठेवलेलं असतं, म्हणजे जुना सेट-टॉप बॉक्स लावला तरी तक्रार नको. त्या पातळीवर टीव्ही लॅपटॉपला सांगतच नाही की मला एचडीआर कळतं. लॅपटॉप बिचारा साधा सिग्नल पाठवतो, आणि त्यातला जुना प्लेयर पीक्यूचे आकडे न बदलता तसेच पुढे ढकलतो.

हे सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. एलजीत `HDMI Ultra HD Deep Colour` किंवा नुसतं `HDMI Deep Colour`, सॅमसंगमध्ये `Input Signal Plus`, सोनीत `HDMI signal format` मध्ये `Enhanced format`. काकांच्या टीव्हीत `HDMI Version` नावाची ओळ होती आणि तिथे १.४ निवडलेलं होतं. ते २.० केलं. सेटिंग पोर्टनिहाय असतं, म्हणून केबल ज्या पोर्टात आहे त्याचंच बदलायचं. लॅपटॉपने टीव्ही नव्याने ओळखला, ६० हर्ट्झ दिसले, `Use HDR` चालू झालं, टीव्हीवर खूण आली. लॅपटॉपचंच पोर्ट जुनं असतं तर इथे काही उपाय चालला नसता, पेनड्राइव्हवरच भागवावं लागलं असतं.

खूण आली खरी, पण दर काही सेकंदांनी पडदा काळा होऊ लागला. हे केबलचं लक्षण. फोर-के, ६० हर्ट्झ आणि एचडीआर एकत्र पाठवायला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत वाट लागते. घरातली केबल जुन्या डीव्हीडी प्लेयरबरोबर आलेली होती. ३० हर्ट्झवर आणून बघितलं तर पडदा स्थिर, म्हणजे केबलचीच मर्यादा. काकांनी जेल रोडवरून `Premium High Speed` असा छाप आणि पडताळणीचं लेबल असलेली केबल आणली, तेव्हा ६० वरही चित्र टिकलं. नवी केबल आली म्हणून चित्र सुंदर झालं, असं मात्र नाही. केबल एकतर आकडे पोचवते किंवा अडखळते, रंग फिके करणं तिला जमत नाही. "सोन्याचा मुलामा" सांगून महाग केबल विकणाऱ्यांचं ऐकू नका.

विंडोजमध्ये एचडीआर चालू केल्यावर आणखी एक गोष्ट खटकते: डेस्कटॉप, ब्राउझर, सगळं फिकं वाटू लागतं. याला विंडोजची सवय कारण आहे. साधं चित्र एचडीआर चौकटीत बसवताना ते अंधाऱ्या छटा थोड्या उचलून दाखवतं. `SDR content brightness` ची पट्टी हलवून उजेड जुळवता येतो, पण छटांचा तो फरक पूर्ण जात नाही. म्हणून लॅपटॉपवर एचडीआर कायम चालू ठेवू नये असं माझं मत आहे. काकांना `Win + Alt + B` शिकवलं: लग्न लावायच्या आधी दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. आणि एचडीआर चालू करायचंच नसेल, तर पीक्यूचं साध्या गॅमात नीट रूपांतर करणारा प्लेयर वापरायचा. व्हीएलसीची अलीकडची आवृत्ती किंवा एमपीव्ही हे काम करतात. माळा १००० निटच्या होणार नाहीत, पण शालू हिरवा दिसेल.

आता काळोख. इथे खूण येत होती, म्हणजे टीव्ही आकडे बरोबर वाचत होता. खरं तर तो फार आज्ञाधारकपणे वाचत होता. हा भाग लोकांना पटायला जड जातो, कारण एचडीआर म्हणजे जास्त उजेड असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं.

साध्या चित्राला ठरलेला उजेड नसतो. स्टुडिओत ते पांढरा रंग १०० निट धरून तयार होतं, पण घरी टीव्ही बॅकलाइट पूर्ण करून तोच पांढरा ३०० निटला दाखवतो आणि सगळं चित्र तिपटीने उजळतं. ४० निटचा चेहरा घरी १२० निटचा होतो. आपल्याला वर्षानुवर्षं याचीच सवय आहे. एचडीआरमध्ये ४० म्हणजे ४०. सिरीजचे रंग जुळवणाऱ्याने जवळजवळ अंधाऱ्या खोलीत बसून चेहरा ४० निटचा ठेवला, तर टीव्ही तो ४० निटलाच दाखवायचा प्रयत्न करतो. वरचा उजेड चकाकीसाठी राखलेला असतो: खिडकी, दिवा, पाण्यावरची किरणं. चांगल्या पॅनलवर ती चकाकी ८००-१००० निटपर्यंत जाते आणि डोळा खूश होतो. ३०० निटच्या पॅनलवर ती चकाकीही नाही आणि चेहरा साध्या चित्रापेक्षा तिपटीने मंद. भर दुपारी पश्चिमेची खिडकी उघडी असताना ते काळोखच वाटणार.

एवढं समजल्यावर काय सुधारण्यासारखं आहे आणि काय नाही, ते वेगळं करता येतं. सुधारण्यासारखं बरंच निघालं.

पहिली अडचण अशी की काकांनी बॅकलाइट आधीच १०० करून ठेवलं होतं, पण बातम्या चालू असताना. बहुतेक टीव्ही साध्या आणि एचडीआर चित्राची सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवतात. म्हणून एचडीआरचं काही बदलायचं असेल तर एचडीआर चित्र चालू ठेवूनच मेनू उघडावा लागतो. सिरीज चालू करून मेनूत गेलो तर बॅकलाइट ७० वर होतं. ते १०० केलं. थोडा फरक पडला, अपेक्षेइतका नाही.

दुसरी अडचण वीजबचतीची. टीव्हीच्या खालच्या कडेला उजेड मोजणारा सेन्सर होता आणि वीजबचत चालू होती. तपासायला मी मोबाइलचा टॉर्च सेन्सरवर धरला. चार-पाच सेकंदांत अख्खं चित्र हळूहळू उजळलं, टॉर्च काढल्यावर तसंच हळूहळू मावळलं. काकूंनी माझ्या हातून मोबाइल घेऊन स्वतः करून बघितलं. रात्री दिवे मालवून बसलं की हाच सेन्सर टीव्हीचा उजेड कमी करत होता. साध्या चित्रात ते चालतं, डोळ्यांना बरंही वाटतं. एचडीआरमध्ये मात्र ठरलेले आकडेच खाली ओढले जातात. वीजबचत आणि सेन्सर दोन्ही बंद केले. सगळ्यात मोठा फरक याने पडला.

तिसरी गोष्ट काकांच्या मुलाच्या हातची. पुण्याहून आला असताना काळोख घालवायला त्याने `Brightness` ५० वरून ६५ केलं होतं. या टीव्हीत, आणि इतर कित्येक टीव्हींत, `Brightness` उजेड वाढवत नाही, ते काळ्याची पातळी उचलतं. उजेडाचं बटण `Backlight`. सोनीने तर ही नावं उलटी ठेवली आहेत: तिथे `Brightness` म्हणजे उजेड आणि काळ्यासाठी `Black level`. मुलाच्या बदलामुळे अंधारे प्रसंग थोडे दिसू लागले होते, पण सिनेमाच्या पट्ट्याही करड्या झाल्या होत्या. ते पुन्हा ५० वर आणलं. पट्ट्या काळ्या झाल्या आणि अंधाऱ्या प्रसंगांतलं बारीकसारीक तरीही दिसत राहिलं, कारण आता मागून पुरेसा उजेड होता.

मग प्रश्न आला टीव्ही मोठे आकडे आपल्या ३०० निटमध्ये कसे बसवतो याचा. सिरीज १००० निटच्या पडद्यावर तयार झालेली असते, काही सिनेमे ४००० निटच्या. टीव्हीला वरचा भाग दाबावाच लागतो, आणि स्वस्त टीव्ही चकाकी वाचवण्यासाठी सगळंच चित्र खाली ओढतात. यासाठी मेनूत `Dynamic Tone Mapping` किंवा तशा नावाची ओळ असते: ती चालू केली की टीव्ही प्रत्येक दृश्य बघून मधल्या छटा वर उचलतो. शुद्धतावादी याला नाकं मुरडतात, कारण दिग्दर्शकाने मंद ठेवलेलं दृश्य टीव्ही स्वतःच्या मर्जीने उजळवतो. मोठं, उजळ पॅनल आणि अंधारी खोली असेल तर मीही ते बंदच ठेवीन. रामबागेतल्या उजेडाच्या बैठकीत, या टीव्हीवर, ते चालू केलं आणि काकूंना आक्षेप राहिला नाही. पिक्चर मोड मात्र `Vivid` ऐवजी सिनेमाचा ठेवला. `Vivid` मध्ये चित्र उजळ वाटलं तरी चेहरे निळसर होतात आणि मांडवातल्या माळांमधली प्रत्येक ठिणगी एकसारखा पांढरा डाग होते.

शेवटी काही उरलंच, आणि ते सेटिंगने जाणार नाही. या पॅनलला ठिकठिकाणी बॅकलाइट मंद करता येत नाही, म्हणजे माळेसाठी उजेड वाढवला की अंधारा कोपराही थोडा उजळतो. खोक्यावरच्या एचडीआर शिक्क्याचा अर्थ एवढाच की टीव्हीला हा सिग्नल वाचता येतो. किती निट येतील, याची हमी त्यात नाही. दुपारी खिडकी उघडी ठेवून बघायचं असेल, तर साधं चित्रच या टीव्हीवर चांगलं दिसतं. टीव्हीतल्या ॲपला एचडीआर बंद करायची सोय नव्हती, पण घरात पडून असलेल्या फायर टीव्ही स्टिकमध्ये `Dynamic Range Settings` आहे. तिथे `Disable HDR` केलं. `Always HDR` कधीच ठेवू नये. तसं केलं की बातम्या आणि जुनी गाणीसुद्धा एचडीआरच्या चौकटीत कोंबली जातात आणि पुन्हा फिकी दिसतात. एचडीआर हवंच असेल तर `Adaptive`. आता दुपारी काकू स्टिकवर बघतात, रात्री दिवे मालवून टीव्हीच्या ॲपवर.

लग्नाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फाइल होती, कुणा पाहुण्याने कुठून तरी उतरवलेला सिनेमा. तो लॅपटॉपवर जांभळा-हिरवा दिसत होता. तो प्रकार यातल्या कुठल्याच सेटिंगचा नाही. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच आणखी एक प्रकार, त्याच्या प्रोफाइल ५ मध्ये साधं एचडीआर-१० मुळात नसतंच, आणि डॉल्बी व्हिजन न कळणाऱ्या प्लेयरवर रंग असेच फाटतात. मी काकांना ती फाइल काढून टाकायला सांगितलं.